गुरुवारचे चार तास: आजारी आईला सांभाळणाऱ्या मैत्रिणीला काय द्यावं

मैत्रिणीच्या चाळिसाव्या वाढदिवसाला आम्ही चौघींनी पैसे काढून तिला पार्लरचं गिफ्ट व्हाउचर दिलं. मसाज, फेशियल, सगळं पॅकेज. मुदत सहा महिन्यांची. ती संपली तेव्हा पाकीट तिच्या फ्रीजवर औषधांच्या डब्याखाली होतं तसंच पडलं होतं. तिची आई अर्धांगवायूच्या झटक्यानंतर अंथरुणाला खिळलेली, डावी बाजू गेलेली. पार्लरला जायचं तर अडीच तास घरात कुणीतरी हवं, आणि ते कुणीतरी आम्ही पाकिटात घातलंच नव्हतं.

पुढच्या वेळी आम्ही ते दिलं. दर गुरुवारी दुपारी तीन ते सात मी काकूंजवळ बसणार, आठ आठवडे. ही भेट कशी द्यायची, तिच्यासाठी आधी काय शिकावं लागतं आणि माझं कुठे चुकलं, ते इथे लिहिते आहे. आमच्या काकूंना बोललेलं कळतं, त्या अडखळत का होईना बोलतात, तोंडानं खातात आणि त्यांना लघवीची नळी नाही. तुमच्या मैत्रिणीच्या घरी परिस्थिती वेगळी असेल तर कामं बदलतील, पायऱ्या साधारण याच राहतील.

विचारायचं कसं

"काही लागलं तर सांग हं" हे वाक्य आपण सगळे म्हणतो. त्यात काय लागतंय ते शोधायचं, कुणाला सांगायचं ते ठरवायचं आणि मग संकोच गिळून फोन करायचा, ही तिन्ही कामं तिच्याच गळ्यात पडतात. म्हणून वार, वेळ आणि मुदत आपण ठरवून न्यायची. मी तिला पाठवलेला मेसेज असा होता: "पुढच्या महिन्यापासून आठ गुरुवार, तीन ते सात, मी काकूंजवळ बसेन. पहिले दोन गुरुवार तू घरीच थांब आणि मला शिकव. गुरुवार नको असेल तर वार सांग. नकोच असेल तर तसंही सांग, मी रागावणार नाही."

मुदत मुद्दाम घातली. "कायम येत जाईन" म्हणणारी माणसं तिसऱ्या आठवड्यात गळतात, हे तिनं नातेवाइकांत पुरेसं पाहिलं होतं. आठ म्हटलं की तिलाही आठांचा हिशेब धरता येतो: दातांचं काम, बँकेतली केवायसी, एखादी दुपार नुसती झोप.

दुसरी परवानगी काकूंची. ही पायरी मी विसरले होते. पहिल्या गुरुवारी गेले तर काकू भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "मी काय लहान मूल आहे का, राखण ठेवायला?" खरंच होतं. त्यांच्या घरात, त्यांच्या अंगाला हात लावण्याची व्यवस्था त्यांना न विचारता ठरली होती. मग मैत्रीण आत गेल्यावर मी त्यांना सरळ विचारलं: मी आलेलं चालेल का, आणि कोणतं काम माझ्याकडून नको? डायपर माझ्याकडून नको म्हणाल्या. पाचव्या आठवड्यात आपणहूनच "चालेल" म्हणाल्या. तोवर मैत्रीण बाहेर पडायच्या आधी बदलून जायची आणि मी फक्त ओला झालाय का एवढं विचारायची. ओला असेल तर तिला फोन. त्यामुळे काकूंचा शब्द राहिला.

बसणारा पुरुष असेल आणि अंथरुणावर मित्राची आई असेल, तर हा प्रश्न आणखी नाजूक होतो. अशा वेळी ब्युरोतून बाई बोलावून तिचे पैसे भरावेत आणि आपण फक्त सोबतीला बसावं. पण नवी आया पहिल्या दिवशी घरच्या माणसाला दर दहा मिनिटांनी हाक मारते, म्हणून तिच्या पहिल्या दोन पाळ्या सुट्टीत धरू नका.

पहिले दोन गुरुवार शिकण्याचे

पहिल्या गुरुवारी फक्त बघायचं. दुसऱ्या गुरुवारी सगळं आपल्या हातानं, ती शेजारी उभी. तिसऱ्या गुरुवारी ती खाली बिल्डिंगच्या बाकावर अर्धा तास बसून येते. चार तास चौथ्यापासून. आमचे आठ धरले तर पूर्ण सुट्ट्या पाचच झाल्या. वाईट वाटून घेऊ नका. शिकणं टाळून पहिल्याच दिवशी तिला बाहेर पाठवलं, तर ती रिक्षात बसून फोनकडेच बघत राहते.

काय करायचं नाही हेही याच दोन दिवसांत ठरवायचं. इन्सुलिनचं इंजेक्शन, नाकातल्या नळीतून भरवणं, कफ ओढायचं मशीन, जखमेचं ड्रेसिंग यातलं काहीच मी करत नाही. ज्या घरी ही कामं आहेत तिथे ती तीन ते सातच्या बाहेर बसवावीत. बसत नसतील तर शिकलेली नर्स लागते, मैत्रीण नाही.

मी शिकले त्या मुख्य गोष्टी दोन: कूस बदलणं आणि भरवणं.

कूस बदलणं

एकाच जागी दाब राहिला की तिथलं रक्त थांबतं आणि कातडी मरायला लागते. माकडहाड, नितंबाच्या बाजूची हाडं, टाचा, खांद्याची पाती, डोक्याचा मागचा भाग या जागा सगळ्यात आधी जातात. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. हवेची गादी असली तरीही बदलायची. गादी दाब वाटून देते, संपवत नाही.

काकूंना उजव्या कुशीवर न्यायचं असेल तर मी पलंगाच्या उजव्या बाजूला उभी राहते, म्हणजे त्या माझ्याकडे वळतात आणि पडण्याची भीती राहत नाही. "काकू, आता उजवीकडे वळवते" असं आधी सांगायचं. त्यांचा डावा हात छातीवर ठेवायचा, डावा गुडघा वाकवायचा, मग एक हात खांद्याच्या पात्यामागे आणि दुसरा कमरेमागे धरून एका लयीत आपल्याकडे घ्यायचं. लुळा हात धरून ओढायचा नाही, कधीच नाही. त्या खांद्याला स्नायूंचा आधार उरलेला नसतो, सांधा खाली उतरतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो.

पूर्ण कुशीवर नव्हे, थोडं तिरकं ठेवायचं, साधारण तीस अंश. पाठीमागे एक उशी, दोन गुडघ्यांमध्ये एक, लुळ्या हाताखाली एक. पोटऱ्यांखाली पातळ उशी अशी की टाचा अधांतरी राहतील. डाव्या कुशीवर असतील तेव्हा डावा खांदा अंगाखाली चेपला जाऊ नये, म्हणून पात्याला धरून थोडा पुढे घ्यायचा.

वळवताना पाठीवर नजर टाकायची. लाल डाग दिसला तर बोटानं दाबून सोडायचं. दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर ठीक, त्या कुशीवर थोडा वेळ ठेवू नका. दाबूनही लालच राहिला तर ती बेडसोरची सुरुवात समजायची आणि मैत्रिणीला आल्याबरोबर सांगायचं. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतं का ते बघावं. अशा जागी तेल चोळायची आपल्याकडे फार सवय आहे. चोळू नका, आतली इजा वाढते. मधे भोक असलेली रबरी रिंगही नको, कडांवर दाब येतो.

माझी मोठी चूक गादीचीच. पाचव्या गुरुवारी फोनची बॅटरी संपत आली म्हणून मी भिंतीतल्या सॉकेटमधला एक प्लग काढून चार्जर लावला. तो प्लग गादीच्या पंपाचा होता. घरघर थांबल्याचं मला कळलंही नाही. अर्ध्या तासानं काकू म्हणाल्या, "खाली टोचतंय." तेव्हापासून पंपाच्या प्लगवर लाल चिकटपट्टी आहे, आणि मी गेल्याबरोबर हाताची चाचणी करते: तळहात वर करून तो गादीखाली, बरोबर नितंबाच्या हाडाखाली सरकवायचा. हात आणि हाड यांच्यामध्ये इंचभर हवा लागली पाहिजे. हाड हाताला टेकलं तर गादी बसलेली आहे. वीज गेल्यावरही हेच होतं, तेव्हा कूस लवकर लवकर बदलायची.

भरवणं

झटक्यानंतर बऱ्याच जणांचं गिळणं बिघडतं. अशांना सगळ्यात अवघड जातं ते साधं पाणी, कारण ते घशात पटकन पसरतं आणि श्वासनळीकडे वळतं. काकूंच्या पाण्यात आणि चहात डॉक्टरांनी दिलेली घट्ट करायची पावडर पडते. किती, ते मैत्रिणीनं चमच्यावर खूण करून ठेवलंय. आपल्याला दया आली म्हणून साधं पाणी द्यायचं नाही. काकू मागतात, आणि नाही म्हणताना जीव तुटतो.

आधी बसवायचं. पलंगाला हँडल असेल तर गुडघ्याकडचा भाग आधी थोडा उचलायचा, मग डोक्याकडचा. उलटं केलं तर माणूस खाली घसरतं आणि माकडहाडावरची कातडी चादरीला घासून सोलते. घसरलेच तर एकटीनं काखेत हात घालून ओढू नये. आडवी चादर दोन्हीकडून धरून वर सरकवायला दोन माणसं लागतात. शेजारच्या ताईंना आम्ही हे आधीच सांगून ठेवलंय.

मग लहान चमचा, अर्धा भरलेला, तोंडाच्या उजव्या, चांगल्या बाजूनं. एक घास गिळला हे बघून दुसरा. टीव्ही बंद, गप्पा बंद. डाव्या गालात घास साठून राहतो आणि त्यांना तो कळत नाही, म्हणून शेवटी तोंड उघडायला सांगून बघायचं. वाटीही उजवीकडेच ठेवायची. काकूंना डावीकडची वाटी दिसतच नाही. डोळे चांगले आहेत, पण मेंदू त्या बाजूकडे लक्षच देत नाही. मला हे माहीत नव्हतं तोवर मी डावीकडे बसून तासभर बोलत होते आणि समजत होते की त्या रुसल्यात.

अन्न वाट चुकतंय याची खूण फक्त ठसका नाही. घास गेल्यावर आवाज ओला, घशात पाणी असल्यासारखा घरघरला तर तिथेच थांबायचं, खोकायला सांगायचं, आवाज मोकळा होईपर्यंत पुढचा चमचा नाही. पुन्हा तसंच झालं तर त्या वेळचं खाणं बंद आणि मैत्रिणीला सांगायचं. खोकताच येत नाही, आवाज फुटत नाही, असं झालं तर पुढे वाकवून दोन पात्यांच्या मध्ये तळव्याच्या टाचेनं जोरात पाच थापा, आणि शेजारच्यांना १०८ लावायला सांगायचं. खाल्ल्यावर अर्धा तास बसवूनच ठेवायचं. लगेच आडवं केलं तर खाल्लेलं वर येतं.

फ्रीजवरचा कागद

मैत्रिणीच्या डोक्यात असलेलं सगळं एका कागदावर उतरवून घ्या. तिला लिहायला सांगू नका. ती बोलेल, तुम्ही लिहा. आमचा कागद असा आहे:

- २.३० मैत्रीण काकूंना उजव्या कुशीवर ठेवते, डायपर बदलते
- ३.०० ती निघते. गादीची हाताने चाचणी
- ४.१५ डायपर बघणे, लागला तर बदलणे (पुढून मागे पुसणे)
- ४.३० बसवणे, घट्ट चहा, भिजवलेलं बिस्किट
- ५.३० पलंग खाली, डाव्या कुशीवर
- ७.०० ती परत. पुढची कूस ७.३० ला

डायपर चहाच्या आधी ठेवलाय तो मुद्दाम. नंतर ठेवला तर खाल्लेल्या पोटी आडवं करून लोळवावं लागतं. बसवलेला वेळही तासाभरात आटोपतो, कारण बसल्यावर सगळा भार माकडहाडावर येतो. औषधाची एकही गोळी या चार तासांत नाही. तीन वाजताची एक होती, ती डॉक्टरांना विचारून अडीचला नेली.

कागदाच्या मागच्या बाजूला अडचणीच्या वेळचं: हॉस्पिटल कोणतं, फाइल कोणत्या कपाटात, चालू औषधांची यादी, शेजारच्या ताईंचा नंबर. चेहरा अचानक आणखी वाकडा झाला, चांगला हात पडला किंवा बोलणं एकदम बिघडलं तर आधी १०८ आणि मग मैत्रीण, याच क्रमानं. शेवटचं नीट कधी पाहिलं ती वेळ लिहून ठेवायची. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि डॉक्टर पहिला प्रश्न वेळेचाच विचारतात. तोंडात पाणी, गोळी काही घालायचं नाही.

ती बाहेर असताना

पहिल्या पूर्ण गुरुवारी तिनं चार तासांत अकरा फोन केले. मग आम्ही ठरवलं की मीच पाचला आणि सहाला एकेक मेसेज टाकीन: "चहा झाला", "डावी कूस, रेडिओ चालू". (काकूंना अस्मिता वाहिनी लागते.) बाकी वेळ मेसेज नाही याचा अर्थ सगळं ठीक. दोन आठवड्यांत फोन थांबले.

मला वाटलं होतं ती सिनेमाला जाईल. ती स्टेशनवर बाकावर बसून येत होती. पैसे खर्च करायची इच्छा नाही, कुणाकडे गेलं तर आईच्या तब्येतीची कथा पुन्हा सांगावी लागते, आणि घरी झोपावं तर आईची हाक ऐकू येते. तेव्हा मी तिला आमच्या घराची किल्ली दिली. गुरुवारी दुपारी आमच्याकडे कुणी नसतं. बेडरूममध्ये स्वच्छ चादर घालून, पंखा लावून मी निघते, ती येते आणि झोपते. आता मला वाटतं, बसणं आणि किल्ली ही मिळून एक भेट आहे. नुसतं बसणं दिलं तर तिला जायला जागा नसते.

परत आल्यावर "काय केलंस?" विचारायचं नाही. आणि तिच्या पद्धतीत सुधारणा सुचवायच्या नाहीत. माझ्या मावशीला अमुक तेलानं फरक पडला, हे तिनं शेकडो वेळा ऐकलंय. पाहिलेलं तेवढं सांगायचं: किती खाल्लं, कातडी कशी होती, डायपर कधी बदलला.

लांब राहणाऱ्यांनी

आमच्यातली एक नाशिकला, एक दुबईला. त्या बसू शकत नाहीत. नाशिकची महिन्याला डायपर आणि अंडरपॅड मागवते. त्यात एकच पथ्य: आधी रिकाम्या पाकिटाचा फोटो मागवायचा. मोठ्यांच्या डायपरची मापं कमरेच्या घेरावर असतात, आणि स्वस्त मिळाला म्हणून दुसऱ्या मापाचा पाठवला तर मांडीपाशी गळतो आणि चादरी धुण्याचं काम वाढतं. दुबईची फोनवरची कामं घेते: मेडिक्लेमच्या कंपनीशी बोलणं, फिजिओथेरपिस्टची वेळ बदलणं, हवेच्या गादीची दुरुस्ती. ही कामं बसण्याइतकीच वेळ खातात, आणि ती दुसऱ्या देशातूनही होतात.

आठ झाल्यावर

सहाव्या गुरुवारीच पुढचं बोलून घ्या, म्हणजे आठव्यानंतर ती उगाच वाट बघत नाही किंवा मागायला लाजत नाही. मी स्पष्ट सांगितलं की दर आठवड्याला मला जमणार नाही, पाठ दुखते आणि घरी मुलाची दहावी आहे. महिन्यातून दोन जमतील. उरलेल्या दोन दुपारी आमच्या तिसऱ्या मैत्रिणीनं घेतल्या आणि तिला शिकवायचं काम माझ्याकडे आलं, तिच्याकडे नाही. नव्या माणसाला पुन्हा शून्यापासून शिकवायची पाळी मैत्रिणीवर आली असती तर तिनं नकोच म्हटलं असतं.

तिसऱ्या मैत्रिणीच्या पहिल्या दिवशी मी काकूंना विचारलं, हिनं आलेलं चालेल का. काकूंनी तिला उजवीकडे बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, "पंपाचा प्लग दाखव हिला आधी."